परवा म्हणजे कधी?

एका बँकेच्या कॉल सेंटरमध्ये मी सहा वर्षं काढली. पहिली तीन फोन घेण्यात गेली आणि पुढची तीन दुसऱ्यांनी घेतलेले फोन तपासण्यात. या दुसऱ्या कामातला एक तुकडा असा होता की त्याला धड नावही नव्हतं. एखादं प्रकरण चिघळलं, ग्राहक तिसऱ्यांदा फोन करायला लागला, की टीम लीडर माझ्या टेबलाशी येऊन म्हणायचा, "जरा ही नोंद माणसात आणून दे." म्हणजे एजंटनं घाईत टिपलेल्या खुणा उलगडायच्या आणि त्यांची अशी नोंद करायची, की पुढच्या पाळीतल्या कुणालाही ती वाचून काम पुढे नेता यावं.

एजंट तसं का लिहितो, हे आधी सांगायला हवं, नाहीतर सगळा दोष त्याच्यावर जातो. फोन ठेवल्यावर नोंद लिहायला जो वेळ मिळतो त्याला रॅप-अप म्हणतात. आमच्याकडे तो साधारण चाळीस सेकंदांचा असे. त्यानंतर पडद्यावर लाल आकडे धावू लागायचे, आणि महिन्याच्या शेवटी त्या लाल सेकंदांचा हिशोब पगाराच्या वाढीपर्यंत पोचायचा. चाळीस सेकंदांत माणूस वाक्यं लिहीत नाही. तो स्वतःला आठवेल एवढंच टिपतो, आणि त्याला ते आठवतंही, पण जेवणाच्या सुट्टीपर्यंतच.

माझ्याकडे आलेली एक नोंद मला अजून जशीच्या तशी पाठ आहे. शनिवारी, ९ तारखेला दुपारी आलेल्या फोनची:

```
Cx ci re ATM txn parva 10k, csh nt rcd, a/c dr.
Oth bk ATM. Vfd. Adv 7wd. Cx irate, wntd sup.
TL NA. CB prom tmrw. SR rsd. Slip - N.
```

या धंद्यातल्या माणसाला हे वाचायला दहा सेकंद लागतात. ग्राहकानं फोन केला. परवा एटीएममधून दहा हजार काढायला गेले, रोकड मिळाली नाही, खात्यातून मात्र रक्कम गेली. एटीएम दुसऱ्या बँकेचं. ओळख पडताळली. सात कामाचे दिवस लागतील असं सांगितलं. ग्राहक चिडलेला, वरिष्ठांशी बोलायचं म्हणाला. टीम लीडर जागेवर नव्हता. उद्या उलट फोन करायचं कबूल केलं. तक्रार नोंदवली. स्लिप नाही.

वाचून झालं की वाटतं, सगळं तर आहे! मलाही तसंच वाटलं. नवशिका माणूस इथेच थांबतो, खुणांच्या जागी शब्द घालतो आणि स्वच्छ परिच्छेद करून देतो. पण या तीन ओळींनी चार दिवसांत काय गोंधळ घातला होता ते पाहा.

बुधवारी, १३ तारखेला त्याच ग्राहकानं पुन्हा फोन केला. तो चेन्नईच्या केंद्रातल्या सहकाऱ्याकडे गेला, कारण बुधवारी आमच्याकडे रांग मोठी होती. त्यानं नोंद उघडली. `parva` हे त्याला एटीएम असलेल्या गावाचं नाव वाटलं. त्याला का हसायचं? मराठी येणाऱ्यालाही परवा म्हणजे होऊन गेलेला परवा की येणारा, हे पुढच्या क्रियापदाशिवाय कळत नाही, आणि नोंदीत क्रियापद नव्हतंच. खरी गफलत मात्र `CB` या दोन अक्षरांत होती. फोन घेणाऱ्यांच्या बोलीत सीबी म्हणजे कॉलबॅक. पण चेन्नईचा तो मुलगा आधी कार्डांच्या वादांचं काम करून आलेला, आणि तिथे सीबी म्हणजे चार्जबॅक. आपल्या ग्राहकाचे पैसे दुसऱ्या बँकेच्या यंत्रात अडकले, तर आपली बँक त्या बँकेकडे रीतसर दावा टाकते, तो दावा. त्यानं वाचलं की चार्जबॅक कबूल केलंय, तक्रार नोंदवलीय. म्हणून तो बाईंना म्हणाला, "मॅडम, दावा टाकलेला आहे, सात कामाचे दिवस पूर्ण होऊ द्या." दावा मुळात कुणी टाकलेलाच नव्हता. आणि उद्याचा, म्हणजे रविवारचा कॉलबॅकही कुणी केला नव्हता.

प्रकरण माझ्या टेबलावर आलं ते त्या संध्याकाळी.

माझी पद्धत अशी होती. आधी मूळ नोंदीला हात लावायचा नाही. ती चुकीची असो, अर्धवट असो, जशी आहे तशी राहते. नवी नोंद तिच्याखाली जोडली जाते, जोडणाऱ्याचं नाव आणि जोडल्याची वेळ घालून. मूळ पुसून सुंदर नोंद ठेवली, तर चेन्नईचा मुलगा तसं का बोलला हे उद्या कुणालाच कळणार नाही. आणि प्रकरण लोकपालाकडे गेलं, तर नोंद नंतर बदलली गेली एवढीच गोष्ट सगळ्यांच्या लक्षात राहील.

मग रेकॉर्डिंग. सात मिनिटांचा फोन होता. तो ऐकताना मी कागदावर चार रकाने पाडते: ग्राहक काय म्हणाला, पडद्यावर काय दिसतं, एजंटनं काय केलं, आणि एजंटनं काय कबूल केलं. शॉर्टहँडमध्ये या चारही गोष्टी एकाच ओळीत येतात आणि एकाच आवाजात बोलतात. `csh nt rcd` ही गोष्ट ग्राहकानं सांगितलेली. `a/c dr` ही पडद्यावर दिसलेली. पहिली अजून सिद्ध व्हायची आहे, दुसरी झालेली आहे. उलगडताना दोन्ही एकाच वाक्यात घातल्या, तर "रोकड मिळाली नाही व खात्यातून रक्कम वजा झाली" असं वाक्य तयार होतं, आणि बँकेनं स्वतःच कबुली दिल्यासारखं दिसतं. एजंटला असं काही म्हणायचं नव्हतं.

आता रेकॉर्डिंगमध्ये बाई काय म्हणत होत्या? शब्द साधारण असे: "परवा संध्याकाळी आमचे हे गेले होते एटीएमला. दहा हजार काढले तर पैसे अडकले हो. नोटा दिसत होत्या म्हणतात, पण निघाल्याच नाहीत."

मी दोनदा ऐकलं. एजंटच्या `csh nt rcd` मध्ये यातलं फार थोडं उतरलं होतं.

पहिली गोष्ट, पैसे अडकले. मराठीत पैसे दोन तऱ्हांनी अडकतात. जमिनीच्या व्यवहारात अडकतात तसे, म्हणजे मिळायचे राहतात. किंवा नोटा खरोखर फटीत अडकतात. बाईंचं पुढचं वाक्य नसतं तर ठरवता आलं नसतं. नोटा फटीपर्यंत आल्या आणि तिथेच राहिल्या, हे साध्या "रोकड मिळाली नाही"पेक्षा निराळं प्रकरण आहे. यंत्रानं नोटा मोजून बाहेर ढकलल्याच नाहीत, तर त्याच्या इलेक्ट्रॉनिक जर्नलमध्ये, म्हणजे प्रत्येक व्यवहाराची पायरी न् पायरी टिपणाऱ्या रोजनोंदीत, बहुधा चूक उमटते आणि पैसे आपोआप परत फिरतात. पण फटीवर भामट्यांनी खोटी पट्टी चिकटवलेली असली, तर यंत्राच्या हिशोबी नोटा दिल्या गेल्या. रोजनोंद व्यवहार यशस्वी म्हणून दाखवते आणि दावा फेटाळला जातो. अशा वेळी कॅमेऱ्याचं फुटेज लागतं, ते वेळेत मागावं लागतं, कारण ते कायम ठेवलं जात नाही. "नोटा दिसत होत्या" हे तीन शब्द नोंदीत नसतील, तर फुटेज मागायचं कुणाच्या डोक्यातही येणार नाही.

दुसरी गोष्ट, आमचे हे. एजंटनं `Cx` लिहून विषय संपवला. पण फोनवर बाई होत्या आणि यंत्रासमोर त्यांचे यजमान. मराठी घरात यात वावगं काहीच नाही. बँकेच्या अटींत मात्र आहे. कार्ड ज्याच्या नावावर, त्यानंच वापरायचं, पिन कुणालाही सांगायचा नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. बंगळूरमध्ये २०१३ साली एका बाळंतिणीनं नवऱ्याला कार्ड आणि पिन देऊन २५ हजार काढायला पाठवलं. यंत्रातून स्लिप आली, पैसे आले नाहीत. तिनं ग्राहक मंचात दाद मागितली. २०१८ मध्ये निकाल बँकेच्या बाजूनं लागला, कारण पिन दुसऱ्याला दिला होता.

हे माहीत असल्यानं माझा हात थबकला. खरं सांगायचं तर एक क्षण वाटलं, `Cx` च राहू दे. बाईंचे दहा हजार कशाला घालवायचे? दुसऱ्या क्षणी उलटं वाटलं, नियमाप्रमाणे "कार्ड दुसऱ्यास वापरण्यास दिले" असं लिहून टाकावं. दोन्ही चुकीचं होतं, आणि या कामात दुसरी चूक पहिलीपेक्षा जास्त होते, कारण ती कर्तव्यदक्ष दिसते. बाई म्हणाल्या की यजमान एटीएमला गेले होते. कार्ड कुणाचं, ते त्या म्हणाल्याच नाहीत, आणि एजंटनं विचारलं नाही. ते मी कुठून आणणार? म्हणून मी व्यवहाराची ओळ उघडली. तिथे कार्डाचे शेवटचे चार अंक असतात. खातं दोघांच्या नावावर होतं, संयुक्त खात्यात प्रत्येकाचं कार्ड वेगळं असतं, आणि ते चार अंक यजमानांच्या कार्डाचे होते. प्रश्नच मिटला. एजंटनं ओळख पडताळली ती बाईंची, पैसे काढले ते यजमानांनी, स्वतःच्या कार्डानं. मी घाईनं शहाणपणाचं वाक्य लिहिलं असतं, तर नसलेला गुन्हा त्या कुटुंबाच्या नोंदीत कायमचा बसला असता.

कार्डाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. मूळ नोंदीत कधी कधी एजंट कार्डाचा सोळाच्या सोळा अंकी क्रमांक लिहून ठेवतो, क्वचित मागचा तीन अंकी सीव्हीव्हीही. कार्ड उद्योगाचे सुरक्षानियम सीव्हीव्ही असा साठवून ठेवू देत नाहीत. मूळ नोंदीला हात लावायचा नाही या नियमाला हा एकच अपवाद: ते अंक झाकून घ्यायला लावायचे.

पुढे दिवसांचा हिशोब. एजंटनं सांगितलं सात कामाचे दिवस. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकानुसार खात्यातून रक्कम गेली आणि एटीएमनं रोकड दिली नाही, तर व्यवहाराच्या दिवसापासून जास्तीत जास्त पाच दिवसांत ती परत जमा व्हायला हवी. त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही ग्राहकानं न मागता. दिवस कॅलेंडरवरचे, कामाचे नव्हेत. परवा म्हणजे गुरुवार ७ तारीख, पडद्यावरही तीच होती. पाच दिवस संपतात मंगळवारी १२ला. एजंटच्या सात कामाच्या दिवसांनी हिशोब केला, तर ९ तारीख दुसरा शनिवार म्हणून धरायची नाही, मधले रविवारही सोडायचे, आणि आपण पोचतो सोमवार १८ तारखेवर. चेन्नईचा मुलगा बाईंना थांबायला सांगत होता त्या बुधवारी मुदत उलटून एक दिवस झाला होता.

मग नव्या नोंदीत काय लिहायचं, सात की पाच? दोन्ही, पण वेगवेगळ्या वाक्यांत. एजंट सात म्हणाला, हे घडलेलं आहे. बाई त्याच भरवशावर थांबल्या होत्या, पुढचा फोन घेणाऱ्याला ते कळायलाच हवं. खरी मुदत १२ तारीख होती, हेही लिहायचं. एजंटचं वाक्य गुपचूप दुरुस्त केलं, तर ग्राहक खोटा ठरतो.

उरलेल्या खुणा भराभर निपटल्या. `SR rsd`: तक्रार क्रमांक शोधला, तर ती "खात्यातील वजावटीविषयी चौकशी" या सर्वसाधारण गटात टाकलेली निघाली. म्हणून ती वादांच्या विभागाकडे गेलीच नव्हती. `irate`: हा शब्द मी कधीच ठेवत नाही. चिडलेला हे आपलं मत आहे, आणि पुढचा एजंट ते वाचून आधीच दबकून किंवा तुसडेपणानं बोलतो. बाई प्रत्यक्षात म्हणाल्या होत्या की सोमवारी मुलाच्या क्लासची फी भरायची आहे, मला साहेबांशी बोलू द्या. तेच लिहिलं. `Vfd`: जन्मतारीख आणि नोंदलेला मोबाइल क्रमांक विचारला होता, रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येत होतं.

`Slip - N` पाशी मात्र अडले. स्लिप नाही, की स्लिप आली नाही, की हवी नाही? सात मिनिटं पुन्हा ऐकली. स्लिपबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. एजंटला गाठलं, त्याची पाळी संपत आली होती. तो माझ्याकडे बघत राहिला. चार दिवसांत त्यानं तीनेकशे फोन घेतले असतील. "मॅम, बहुतेक विचारायचं राहिलं असेल," तो म्हणाला. बहुतेक या शब्दावर नोंद उभी राहत नाही.

शेवटी जे लिहिलं ते इंग्रजीत होतं, इथे मराठीत देते:

"१३ तारखेला सायंकाळी ६.१० वाजता, ९ तारखेच्या फोनचे रेकॉर्डिंग ऐकून व व्यवहार तपासून जोडलेली नोंद. फोन प्रथम खातेदार महिलेचा. ओळख जन्मतारीख व नोंदणीकृत मोबाइलवरून पडताळली. त्यांच्या सांगण्यानुसार ७ तारखेला सायंकाळी त्यांचे पती, जे द्वितीय खातेदार आहेत, दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर १०,००० रुपये काढण्यास गेले. नोटा फटीत दिसल्या पण बाहेर आल्या नाहीत. पडद्यावर: ७ तारखेस सायंकाळी ७.४२ वाजता पतीच्या कार्डावरून १०,००० रुपये वजा. १३ तारखेपर्यंत परत जमा नाहीत. एजंटने सात कामाचे दिवस लागतील असे सांगितले. नियमानुसार मुदत १२ तारखेस संपली. सोमवारी फी भरायची असल्याने त्यांनी वरिष्ठांशी बोलण्याची मागणी केली. टीम लीडर उपलब्ध नव्हता. १० तारखेस उलट फोन करण्याचे कबूल केले. तो केल्याची नोंद नाही. मूळ नोंदीतील सीबी म्हणजे हा उलट फोन, चार्जबॅक नव्हे. तक्रार चुकीच्या गटात होती. आज एटीएम वादाच्या गटात वळवली, दावा अद्याप टाकलेला नाही. १३ तारखेच्या फोनवर दावा टाकला आहे असे सांगण्यात आले, ते बरोबर नाही. ग्राहकास तसे कळवणे बाकी. स्लिपबद्दल विचारल्याचे रेकॉर्डिंगमध्ये नाही. पुढचे काम: आज ग्राहकास फोन करून खरी स्थिती सांगणे, स्लिप आहे का ते विचारणे, दावा टाकणे, फटीजवळच्या कॅमेऱ्याचे फुटेज मागणे."

तीन ओळींचे हे दीडशे शब्द व्हायला मला पंचवीस मिनिटं लागली. प्रत्येक फोनसाठी हे कुठलंच केंद्र करू शकत नाही, करूही नये. शिल्लक विचारणाऱ्याच्या फोनला तीन खुणा पुरतात. आम्ही तीनच प्रकारची प्रकरणं घ्यायचो: एकाच गोष्टीसाठी दुसऱ्यांदा फोन आलेली, कुणीतरी काही कबूल केलेली, आणि मुदत लागू असलेली. तिन्ही खुणा असलेलं हे प्रकरण शनिवारीच यायला हवं होतं, हा भाग वेगळा.

नोंद झाली की ती तपासायची माझी एकच रीत होती. तो फोन न ऐकलेल्या एखाद्याला वाचायला द्यायची आणि विचारायचं: आत्ता या बाईंचा फोन आला तर तू पहिलं वाक्य काय बोलशील? वाचणाऱ्याचा हात रेकॉर्डिंग उघडायला गेला, की नोंद फसली. माझ्या नोंदी पहिल्या वर्षी बऱ्याचदा फसायच्या, आणि माहिती कमी पडली म्हणून नव्हे. माहिती इतकी भरलेली असायची, की पुढचं काम तळाशी कुठेतरी बुडून जायचं. सिस्टिममध्ये ते वेगळ्या रकान्यात, सर्वांत वर टाकायला मी नंतर शिकले.

त्या संध्याकाळी मी ती नोंद रात्रपाळीच्या एका मुलीला दिली. तिनं वाचली, माऊस खाली सरकवला, पुन्हा वर आणला.

"स्लिपबद्दल विचारल्याचं नाही, असं का लिहिलंयस? नुसतं स्लिप नाही लिहिलं असतंस तर?"

"आहे की नाही, ते मला माहीत नाही."

तिनं हेडसेट चढवला आणि बाईंना फोन लावला. आधी सांगितलं, दावा टाकलेला नव्हता, माफ करा, आज टाकतो. मग स्लिपचं विचारलं. पलीकडे बाईंनी आत हाक मारली, काही वेळ नुसते घरातले आवाज येत राहिले, आणि मग एक पुरुषी आवाज फोनवर आला: "आहे की, पाकिटात आहे. कुणी मागितलीच नाही." स्लिपवर एटीएमचा क्रमांक होता, आणि व्यवहाराचा बारा अंकी संदर्भ क्रमांकही, जो त्या बँकेच्या रोजनोंदीत थेट शोधता येतो. दुसऱ्या दिवशी त्या यंत्राची रोकड मोजली, तेव्हा बरोबर दहा हजार जास्त निघाले. फुटेज लागलंच नाही. पैसे १५ तारखेला जमा झाले, आणि त्यांच्याखाली तीन दिवसांचे ३०० रुपये.